‘आता तयार’चा रकाना

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या मालकांनी, मोठ्या भाऊंनी, केबिनमध्ये बोलावलं की आपलं कोणतं पत्र चुकलं असेल हे मी जिन्यातच आठवायला लागते. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही, जागा मिळाली की पुरते. त्यामुळे भीती मला नवीन नाही. पण त्या मंगळवारी अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीत जी भीती वाटली, तशी मला आयुष्यात आधी वाटली नव्हती आणि पुढे वाटू नये.

आमची कंपनी सोयाबीनचं तेल काढते. ऑफिस अमरावतीला, कारखाना अकोल्याच्या बाहेर. मी ऑफिसात माणसांचं खातं सांभाळते. भरती, रजा, बढत्या, निवृत्ती, सगळं माझ्याकडे. कारखान्यात माझं जाणं पंधरा दिवसांतून एकदा, तेही गेटच्या आतल्या ऑफिसपर्यंत. पलीकडे प्लांटच्या कुंपणाशी मोबाइल काढून ठेवावा लागतो, आणि तेवढं निमित्त मला परत फिरायला पुरे असायचं.

प्लांटमध्ये काय चालतं ते मला ऐकून माहीत होतं. सोयाबीनच्या पातळ चकत्या करतात, त्यांच्यावर हेक्झेन सोडतात. हे पेट्रोलसारखं एक द्रव. ते चकत्यांमधलं तेल धुऊन घेऊन जातं. मागे जी पेंड उरते ती हेक्झेनमध्ये भिजलेली असते, म्हणून ती एका उंच भांड्यात वाफेने भाजून हेक्झेन उडवून लावतात. त्या भांड्याला सगळे टोस्टर म्हणतात. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, दिसत नाही. तिला एक ठिणगी पुरते. म्हणून आत पानेसुद्धा पितळी वापरतात.

आता ज्या तक्त्यामुळे हे सगळं घडलं, त्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी संचालकांच्या बैठकीत ठरलं की महत्त्वाच्या पदांसाठी उत्तराधिकाऱ्यांचा आराखडा करायचा. काम माझ्याकडे आलं. अकरा पदं निघाली. प्रत्येक पदापुढे ते पद का महत्त्वाचं, सध्या कोण आहे, निवृत्त कधी होणार, त्याच्या जागी कोण येऊ शकतो, तो आता तयार आहे की एक-दोन वर्षांत होईल की तीन ते पाच वर्षं लागतील, त्याला काय काय शिकायचं आहे, कोण शिकवणार आणि कधीपर्यंत, असे रकाने. खरं तर त्यात अजून एक रकाना हवा होता. उद्या सकाळी हा माणूस अचानक आलाच नाही, तर तात्पुरतं कोण सांभाळणार. ती वेगळी गोष्ट असते. कायमचा वारस आणि आणीबाणीतला माणूस एकच असेल असं नाही. मी दोन्ही एकत्र केले. कागद आडवा एका पानात बसत नव्हता.

सगळ्यात अवघड पद प्लांट मॅनेजरचं. सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचे. मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला, चष्मा पुसून फॉर्म नीट वाचला आणि म्हणाले, “माह्या तेरवीची यादी करून राहिल्या का मॅडम?” मी हसले. तेही हसले. फॉर्म मात्र कोराच परत आला. पुढचे तीन महिने मी फोन करत होते आणि ते सीझन चालू आहे म्हणत होते.

त्यांच्या हाताखाली एक डेप्युटी होते. पातूरकडचे, बेचाळीस वर्षांचे, चौदा वर्षं आमच्याकडे. माणूस कष्टाळू, आवाज कधी चढणार नाही. बियाणं साफ करणं, भरडणं, चकत्या करणं हा सगळा भाग त्यांच्याकडे होता. तो भाग भिंतीच्या अलीकडे. पलीकडे हेक्झेनचा भाग, तो साहेबांचा. पण हे ‘अलीकडे-पलीकडे’ मला तेव्हा कागदावर दिसत नव्हतं. मी त्यांच्या नावापुढे शिकण्याच्या सहा पायऱ्या लिहिल्या. पहिली आणि सगळ्यात मोठी पायरी अशी: प्लांटचा स्वतंत्र कार्यभार, दहा दिवस, तीन वेळा.

शेवटी साहेबांनी सही केली, ती याच पायरीवर. पूर्ण झाली, असं लिहून. पुरावाही दिला. दरवर्षी ते दहा दिवस मोझरीला आश्रमात सेवेला जायचे, त्या दहा दिवसांचा कार्यभार डेप्युटींकडे असायचा. तीन वर्षांचे तीन आदेश, माझ्याच सहीचे. मी तीन मोजले, टिक केली आणि ‘आता तयार’च्या रकान्यात त्यांचं नाव घातलं. रकाना हिरवा झाला. रिकामा ठेवला असता तर तो लाल दिसला असता, आणि संचालकांपुढे लाल रकाना घेऊन उभं राहायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या वर्षी फेरतपासणी होती. मी फक्त तारीख बदलली.

ज्या माणसाचं नाव घातलं त्याला मात्र विचारलं नाही. मोठ्या भाऊंचा तसा नियमच होता. नाव कळलं की बाकीचे रुसतात, म्हणून तक्ता कपाटात.

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता साहेब कंट्रोल रूममध्ये छाती धरून खाली बसले. ऑपरेटर घाबरला आणि त्याने आणीबाणीचं बटण दाबलं. ऐन सीझनमधला भरलेला प्लांट जागच्या जागी थांबला. साहेबांना दवाखान्यात नेलं, दहापर्यंत अँजिओप्लास्टी होऊन ते वाचल्याचा निरोप आला. मला रडू आलं. मोठ्या भाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी डोळे पुसतच गेले.

ते भले गृहस्थ आहेत, पण थांबलेली मशीन त्यांना बघवत नाही. त्यांनी कपाटातून तक्ता काढला होता. म्हणाले, आपण हे कशासाठी केलं होतं, याच दिवसासाठी ना. हिरव्या रकान्यावर बोट ठेवलं. मला एकदम अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे. कार्यभाराचं पत्र मी दहा मिनिटांत टाइप केलं, त्यांनी सही केली, आणि पत्र स्वतः नेऊन द्यायला मला गाडी दिली. चार वाजेपर्यंत प्लांट सुरू व्हायला हवा, असं त्यांनी डेप्युटींना फोनवर सांगितलंही. पत्र येऊन राहिलंय, तयारी करा.

बडनेरा मागे पडल्यावर मी फाइल उघडली. करायला काही नव्हतं म्हणून. तीन आदेश एकापाठोपाठ एक वाचले. पहिला श्रावणातला. दुसरा श्रावणातला. तिसराही. खाली सुरक्षा विभागाचा एक जुना कागद चुकून टाचलेला होता, कारखान्याच्या वार्षिक देखभालीचं वेळापत्रक. सोयाबीन संपतं, प्लांट रिकामा करतात, हेक्झेन काढून घेतात, सगळी भांडी धुतात. पावसाळ्यात. त्याच दहा दिवसांत.

मी तो कागद पुन्हा वाचला. मग पुन्हा. डेप्युटींनी तीन वेळा सांभाळला होता तो थंड, रिकामा, धुतलेला प्लांट. साहेब मोझरीला तेव्हाच जायचे, जेव्हा सांभाळण्यासारखं काही नसायचं. चालत्या प्लांटचा तर सोडाच, भरल्या पोटी बंद पडलेल्या प्लांटचा त्यांना काही अनुभव असल्याचं माझ्या फाइलीत कुठेच नव्हतं. आणि मी त्यांना ‘आता तयार’ म्हणून दोन वर्षं हिरव्या रंगात रंगवून ठेवलं होतं. सही केलेलं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

हातपाय गार पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ड्रायव्हरने आरशात बघून गाडी थांबवू का विचारलं. मी नाही म्हटलं, आणि आधी दवाखान्यात चला म्हणून सांगितलं. मी डेप्युटींना फोन लावला. लागला नाही. मोबाइल कुंपणाशी ठेवलेला असणार, म्हणजे ते आत होते. गेटवरच्या ऑफिसात लावला, तिथे कोणी उचलला नाही. मोठ्या भाऊंना लावायला हवा होता. तो मी लावला नाही. आधी खात्री करू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण भीती होतं, आणि ही भीती अगदी कारकुनी, नोकरीची होती. हे मला आजही लाजेने आठवतं.

दवाखान्यात साहेबांच्या बायको बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, काय विचारायचंय ते सांगितलं. त्या उठून नर्सशी बोलल्या आणि मला दोन मिनिटं आत सोडलं. साहेब जागे होते. तोंड पांढरं पडलं होतं, आवाज मात्र होता. मी सांगितलं की प्लांट भरलेला थांबलाय आणि चार वाजता डेप्युटी सुरू करणार आहेत. त्यांनी डोळे मिटले.

“त्याले येत नाही,” ते म्हणाले. “चालू प्लांटात मी त्याले भिंतीच्या पलीकडं येऊच देल्लं नाही मॅडम. शिकोलं असतं तं माहं काय काम राहिलं असतं?”

त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “टोस्टरचा दरवाजा उघडू देऊ नका. कसाही जाम होऊ द्या. उघडू नका म्हणा त्याले.” नर्सने मला बाहेर काढलं.

कारखान्यापर्यंतची वीस मिनिटं मी पुन्हा पुन्हा गेटवर फोन लावत होते, कोणी उचलत नव्हतं. कुंपणाशी फोन सुरक्षारक्षकाच्या हातात देऊन मी पहिल्यांदा कुंपणाच्या आत गेले, साडी सावरत, डोक्यावर कोणाचं तरी हेल्मेट. प्लांट थांबलेला असूनही गरम होता. एक गोडसर, पेट्रोलसारखा वास होता. टोस्टरच्या पायथ्याशी डेप्युटी आणि दोन माणसं उभी होती. त्यांच्या हातात पितळी पाने होते. मला बघून डेप्युटी पुढे आले आणि हात पुढे केला. त्यांना वाटलं मी पत्र घेऊन आले.

मी विचारलं, काय करून राहिले. ते शांतपणे म्हणाले, आतली पेंड थंड होऊन आवळली, ती ढवळणारी पाती फिरत नाहीत. खालचा दरवाजा उघडून मोकळी करतो, दरवर्षी उघडतो तसाच. पत्राचीच वाट होती.

दरवर्षी. दरवर्षी तो दरवाजा उघडताना भांडं रिकामं असायचं. मी त्यांच्या हातातला पाना धरला आणि सांगितलं की साहेबांनी दवाखान्यातून निरोप दिलाय, दरवाजा उघडायचा नाही, आत पेंड हेक्झेनमध्ये भिजलेली आहे. दोघांतला एक माणूस आपणहून चार पावलं मागे सरला. डेप्युटींनी दरवाजाकडे बघितलं. पहिला बोल्ट त्यांनी सैल केला होता. त्यांनीच तो परत आवळला, हळू, आणि पाना खाली ठेवला.

आम्ही बाहेर ऑफिसात आलो. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही चालता प्लांट एकट्यानं कधी सांभाळला का?”

“नाही.”

“मग सकाळी भाऊंना हो कसं म्हटलं?”

“चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी मले म्हणलं का तू कर. भाऊ म्हणाले, कागदावर तुमचं नाव तयार म्हणून हाये. मले वाटलं, कागदावर हाये तं असन मी तयार. नाही म्हणलं असतं तं पुन्हा कधी इचारलं असतं का?”

मग मी मोठ्या भाऊंना फोन लावला. रजेचे महिने सांगितले, देखभालीचे महिने सांगितले, दरवाजाचं सांगितलं. तक्ता चुकीचा आहे, चूक माझी आहे, डेप्युटींची नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे दोन वर्षं तुम्ही मले काय दाखवत होत्या?” मी ते पत्र फाडते म्हटलं. ते म्हणाले, फाडा.

मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला भाऊंनी लगेच फोन केला. त्याने फोनवरून जे सांगितलं ते डेप्युटींनी उभ्याने लिहून घेतलं. थंड पाणी फिरतं ठेवा, आत थोडी थोडी वाफ सोडत राहा, हेक्झेन निघून, वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरमध्ये जाऊ द्या, गॅस मोजल्याशिवाय कुठलंही झाकण उघडू नका, मी येतोय. सोडलेल्या वाफेवर लक्ष ठेवायला दोन जुने ऑपरेटर बसले आणि त्यांच्या शेजारी डेप्युटी, वही घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला. त्याने मीटर लावून लावून बघितलं, आणि दुपारनंतर कधीतरी दरवाजा उघडला गेला. तेव्हा आत फक्त ओली पेंड होती. भांडं खरवडायला अख्खा दिवस लागला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी दोन दिवस अकोल्यातच राहिले. डोळे मिटले की तो सैल झालेला एक बोल्ट दिसायचा. डेप्युटींच्या घरी दोन मुली आहेत हे मला त्यांच्या फाइलीवरून माहीत होतं. तेवढं एकच त्यांच्याबद्दल मला नक्की माहीत होतं.

मोठ्या भाऊंनी मला काढलं नाही. त्यांनी सांगितलं, नवा तक्ता द्या आणि यावेळी खरा द्या. मी तो अकोल्याच्याच ऑफिसात बसून केला. तात्पुरत्या कार्यभाराचा रकाना वेगळा काढला, त्यात मशीनवाल्या इंजिनिअरचं आणि दोन ऑपरेटरांचं नाव, कशासाठी कोण ते लिहून. डेप्युटींचं नाव ‘एक ते दोन वर्षांत’ खाली नेलं. पुढे पायऱ्या लिहिल्या, या वेळी त्यांना समोर बसवून. सीझन चालू असताना सोबतीला बसून दोन सुरुवाती आणि दोन बंद करणं. मग इंजिनिअर समोर असताना स्वतः एक सुरुवात. मग साहेब बरे होऊन आले की चालत्या प्लांटमध्ये त्यांची रजा, आणि ती श्रावणात नाही. शिकवायची जबाबदारी साहेबांची, तीही लेखी. आणि ‘आता तयार’च्या रकान्यात मी लिहिलं, कोणी नाही. रकाना लाल झाला.

डेप्युटींना मी तो कागद वाचायला दिला. भाऊंची परवानगी आधीच घेतली होती. त्यांनी तो बराच वेळ वाचला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार. मंगळवारी सकाळी तयार असलेला माणूस दोन दिवसांत दोन वर्षं मागे गेला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

त्यांनी त्या लाल रकान्यावर बोट ठेवलं. रागाने नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, हे दोन शब्द तुमी पहिल्याच वर्षी लिहिले असते, तं आज मी तयार असतो.”

मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शिकणाऱ्याच्या जागेवर सही केली.